बीयूएन ३० म्हणजे युरिया ३० नव्हे: दुसऱ्या देशातला लॅब रिपोर्ट भाषांतर करताना आकडे, युनिट आणि रेंज कशी सांभाळायची

दुसऱ्या देशात झालेली ब्लड टेस्ट आणि तिचा रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना किंवा घरच्यांना समजावा म्हणून केलेलं भाषांतर, यात शब्द चुकतात ते लगेच दिसतं पण आकडा एकही न बदलता अर्थ उलटा होऊ शकतो हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं, म्हणून आज एकच केस घेऊन ती शेवटपर्यंत नेऊया. केस किडनीच्या टेस्टची आहे, कारण तिथे हा घोळ सगळ्यात स्पष्ट दिसतो.

समजा अमेरिकेतल्या एका लॅबचा रिपोर्ट आहे आणि त्यात या दोन ओळी आहेत:

```
BUN          30    H    mg/dL    7-20
Creatinine   1.1        mg/dL    0.7-1.3
```

म्हणजे बीयूएन, पूर्ण नाव ब्लड युरिया नायट्रोजन, ३०, लॅबच्या मते जास्त, कारण त्यांची रेंज ७ ते २० आहे. क्रिएटिनिन १.१, नॉर्मल. आता भाषांतर करणाऱ्याने बीयूएनच्या जागी "रक्तातील युरिया" लिहिलं, आकडा ३० तसाच ठेवला, युनिट पण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर तसंच ठेवलं, आणि जागा कमी म्हणून रेंजचा कॉलम काढून टाकला किंवा त्याहून वाईट म्हणजे नेटवर "युरिया नॉर्मल रेंज" शोधून १५ ते ४० लिहून टाकली. वाचणाऱ्या डॉक्टरला दिसतंय युरिया ३०, क्रिएटिनिन १.१. दोन्ही नॉर्मल. पान उलटलं.

पण खरं काय होतं? त्या पेशंटचा युरिया ६४ च्या आसपास होता. क्रिएटिनिन नॉर्मल असताना युरिया एकटाच एवढा वर जाणं हे डॉक्टरसाठी महत्त्वाचं असतं, अंगातलं पाणी बरंच कमी झालंय का, पोटात वरच्या भागात कुठे रक्तस्राव होतोय का, असे प्रश्न त्यावरून सुचतात. ते प्रश्न विचारलेच गेले नाहीत. आणि गंमत म्हणजे भाषांतरातला आकडा मूळ रिपोर्टशी ताडून बघितला तर "३० ला ३०, बरोबर आहे" असंच कोणीही म्हणेल, प्रूफ वाचणारा सुद्धा.

आता हे का होतं ते बघू. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात, एक म्हणजे कशात मोजलं आणि दुसरी म्हणजे नेमकं काय मोजलं.

कशात मोजलं हा भाग सोपा आहे. रक्तातला एखादा पदार्थ दोन प्रकारे सांगता येतो, वजनावर किंवा नगावर. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे वजन, रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम पदार्थ आहे ते. मिलिमोल प्रति लिटर म्हणजे नग, एका लिटरमध्ये त्या पदार्थाचे किती रेणू आहेत ते, फक्त रेणूंची संख्या प्रचंड असते म्हणून ती मोलच्या हिशोबाने सांगतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने नगावर मोजणं जास्त नीट आहे कारण शरीरात रेणूला रेणू भिडतो, वजनाला वजन नाही, आणि म्हणूनच १९७७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सगळ्या देशांनी एसआय पद्धत, म्हणजे मोलवाली पद्धत घ्यावी असा ठराव केला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातले बरेच देश तिकडे गेले. अमेरिकेत आणि आपल्याकडे भारतात मात्र रोजच्या रिपोर्टवर अजून मिलिग्रॅमच चालतं. जर्मनीसारख्या देशात तर दोन्ही दिसतात, एका लॅबचा कागद मिलिग्रॅममध्ये आणि दुसऱ्या लॅबचा मिलिमोलमध्ये. त्यामुळे "अमुक देश म्हणजे अमुक युनिट" असं धरून चालायचं नाही, कागदावर जे छापलंय तेच खरं.

वजनावरून नगावर जायचं तर त्या पदार्थाचा एक रेणू किती जड आहे ते माहीत हवं, आणि प्रत्येक पदार्थाचा रेणू वेगळा म्हणून प्रत्येकाचा गुणक वेगळा. ग्लुकोजचं रेणूभार १८० आहे, त्यामुळे मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागलं की मिलिमोल मिळतात, म्हणजे ९९ मिलिग्रॅमचे ५.५ मिलिमोल. क्रिएटिनिनचं रेणूभार ११३ च्या जरा वर, आणि त्याचं प्रमाण फार कमी असतं म्हणून ते मायक्रोमोलमध्ये सांगतात, तिथे मिलिग्रॅमच्या आकड्याला ८८.४ ने गुणायचं, म्हणजे १.१ चे होतात ९७. ग्लुकोजचा १८ कोलेस्टेरॉलला लावला की सगळं गेलं, तिथे साधारण ३८.७ ने भागावं लागतं. इथपर्यंत गणित आहे, टेबल समोर असलं की चुकायचं कारण नाही.

आता खरा सापळा, नेमकं काय मोजलं हा. युरियाच्या रेणूचं वजन ६० आहे आणि त्यातले दोन नायट्रोजन अणू मिळून २८. पूर्वी युरिया मोजायच्या ज्या पद्धती होत्या त्यात एन्झाइमने युरियाचा अमोनिया करायचा आणि मग त्या अमोनियातला नायट्रोजन मोजायचा असं काम होतं, त्यामुळे उत्तर नायट्रोजनच्या वजनातच द्यायची सवय पडली आणि अमेरिकेत ती आजही टिकून आहे. बीयूएन म्हणजे तेच, रक्तातल्या युरियामधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाचं पूर्ण वजन हवं असेल तर ६० भागिले २८, म्हणजे २.१४ ने गुणायला लागतं. म्हणून बीयूएन ३० म्हणजे युरिया ६४. युनिट दोन्हीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच आहे, तेच तर अवघड आहे, युनिट बघून काहीच कळत नाही.

मिलिमोलमध्ये मात्र हा प्रश्नच येत नाही कारण नग मोजताना युरियाचे रेणू मोजायचे असतात, नायट्रोजन वेगळा काढायचा नसतो. तोच पेशंट ब्रिटनमध्ये तपासला असता तर कागदावर युरिया १०.७ मिलिमोल प्रति लिटर आलं असतं. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच रक्ताची तीन उत्तरं, ३०, ६४ आणि १०.७, आणि तिन्ही बरोबर.

उलट्या दिशेनेही घसरायला होतं. ब्रिटिश रिपोर्टवर युरिया ७.५ मिलिमोल आहे, त्यांची रेंज २.५ ते ७.८, म्हणजे नॉर्मल, जरा वरच्या टोकाला पण नॉर्मल. हा रिपोर्ट अमेरिकेतल्या डॉक्टरला पाठवायचाय म्हणून भाषांतर करणाऱ्याने मदत म्हणून मिलिग्रॅममध्ये बदलून दिलं, युरियाचा गुणक वापरला जो ६ आहे, उत्तर आलं ४५, आणि तिकडे युरियाला बीयूएन म्हणतात असं ऐकलेलं म्हणून नाव घातलं बीयूएन. झालं, नॉर्मल पेशंटचा बीयूएन ४५ दिसतोय, २० च्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. बीयूएनसाठी गुणक २.८ होता, खरं उत्तर २१. इथे गुणाकार बरोबर होता, नाव पण त्या देशातलं बरोबर होतं, फक्त गुणक एका गोष्टीचा आणि नाव दुसऱ्या गोष्टीचं.

मग ओळखायचं कसं? रेंज बघून, आणि म्हणूनच रेंजचा कॉलम कधीही काढायचा नाही. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिलंय आणि वरची मर्यादा २० च्या आसपास आहे म्हणजे ते बीयूएन आहे, नाव काहीही छापलेलं असू दे. वरची मर्यादा ४० ते ४५ आहे म्हणजे पूर्ण युरिया. ८ च्या आसपास आहे म्हणजे मिलिमोल. दुसरा ताळा म्हणजे क्रिएटिनिनशी गुणोत्तर, बऱ्याच अमेरिकन रिपोर्टवर ते वेगळ्या ओळीत छापलेलंच असतं, आणि बीयूएन वापरलं की ते साधारण १० ते २० च्या मधे असतं. आपल्या केसमध्ये ३० भागिले १.१ म्हणजे २७, ते वर गेलंय. हेच गुणोत्तर पूर्ण युरियाचं वजन घेऊन काढलं तर दुप्पट येतं आणि मोलमध्ये काढलं तर ४० ते १०० च्या घरात जातं, त्यामुळे त्या ओळीची रेंज बघितली की वरची ओळ कशात आहे ते पक्कं होतं. भाषांतर संपल्यावर हा एक भागाकार करून बघायला अर्धं मिनिट लागतं आणि मला तरी तो सोडून देणं पटत नाही.

आता रेंजबद्दल. पुष्कळ लोकांना वाटतं की नॉर्मल रेंज हा विज्ञानाचा एक ठरलेला आकडा आहे, जगभर एकच, आणि लॅबने छापलेली वेगळी दिसली तर टायपिंगची चूक असेल. तसं नाहीये. रेफरन्स रेंज बनवतात कशी तर निरोगी माणसांचा एक गट घेतात, कमीत कमी १२० जण असावेत असं लॅबच्या मार्गदर्शक नियमांमध्ये सांगितलंय, त्यांची टेस्ट करतात आणि आलेल्या आकड्यांमधले सगळ्यात खालचे अडीच टक्के आणि सगळ्यात वरचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के घेतात. म्हणजे व्याख्येतच असं आहे की निरोगी माणसांपैकी वीसात एक जण रेंजच्या बाहेर येणार. हा गट कोणाचा होता, वय काय, बाई की पुरुष, किती मसल असलेली माणसं, यावर आकडे हलतात, क्रिएटिनिन तर मसलमधूनच तयार होतं त्यामुळे तिथे बाई आणि पुरुष यांच्या रेंज वेगळ्या छापलेल्या असतात.

शिवाय मशीन आणि केमिकल. क्रिएटिनिन मोजायची जुनी पद्धत म्हणजे याफे, पिक्रेटबरोबर नारिंगी रंग येतो तो मोजायचा. पण तो रंग क्रिएटिनिन सोडून रक्तातल्या इतरही काही गोष्टींमुळे येतो, प्रोटीन, ग्लुकोज, कीटोन वगैरे, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. एन्झाइमवाली पद्धत जास्त नेमकी आहे. आता जगभर बऱ्याच लॅब एकाच मूळ प्रमाणाला जोडून घेतल्यात त्यामुळे फरक पूर्वीपेक्षा कमी झालाय, पण गेलेला नाही. म्हणून एका लॅबची रेंज दुसऱ्या लॅबच्या आकड्याला लावणं हे युनिट एकच असलं तरी बरोबर नाही, आकडा आणि रेंज एकाच पद्धतीतून आलेली जोडी आहे. रिपोर्टवर कुठे खाली बारीक अक्षरात पद्धतीचं नाव असेल, याफे किंवा एन्झाइमॅटिक, तर ते पण भाषांतरात यायलाच हवं, ती शोभेची माहिती नाही.

आणि अजून एक प्रकार आहे जो रेंजसारखा दिसतो पण रेंज नसतो. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम, म्हणजे ७.० मिलिमोल, किंवा त्याहून जास्त असेल तर डायबेटिस धरतात, हा आकडा निरोगी लोकांच्या ९५ टक्क्यांमधून आलेला नाही तर कुठपासून डोळ्यांचा वगैरे धोका वाढतो ते बघून तज्ज्ञांनी ठरवलेला आहे. कोलेस्टेरॉलच्या मर्यादाही अशाच, आणि त्या वेगवेगळ्या देशांच्या तज्ज्ञ मंडळांनी वेगवेगळ्या ठेवलेल्या असू शकतात. रिपोर्टवर जर "नॉर्मल" ऐवजी "अपेक्षित" किंवा "टार्गेट" असं लिहिलं असेल तर भाषांतरात सगळ्याला एकच "नॉर्मल रेंज" करून टाकू नका, लॅबने जो शब्द वापरलाय त्याच्या अर्थाचाच शब्द ठेवा.

तर मग भाषांतर करायचं कसं. माझं मत स्पष्ट आहे, रिपोर्टच्या मुख्य भागात काहीही बदलून द्यायचं नाही. टेस्टचं नाव, आकडा, युनिट, रेंज आणि जास्त-कमीची खूण ही पाच जणांची एक ओळ आहे, ती पूर्णच्या पूर्ण न्यायची, आणि युनिट कागदावर जसं छापलंय तसंच, अक्षरही न बदलता ठेवायचं. आपल्या केसमध्ये ती ओळ अशी होईल:

```
BUN, युरियातला नायट्रोजन | 30 | H, जास्त | mg/dL | 7-20
```

नाव मराठीत समजावलंय पण मूळ संक्षेप समोर आहे, म्हणजे डॉक्टरला शंका उरत नाही. आणि रूपांतर खरंच उपयोगी पडणार असेल तर ते ओळीत न घालता खाली, भाषांतरकाराची टीप असं स्पष्ट नाव देऊन वेगळं लिहायचं. टीपेत लिहायचं की बीयूएन म्हणजे फक्त नायट्रोजनचं वजन आहे, पूर्ण युरियाच्या हिशोबाने हा आकडा साधारण ६४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होतो आणि लॅबची रेंज त्याच हिशोबाने साधारण १५ ते ४३ होते. बघा, आकडा बदलला तर रेंज पण त्याच गुणकाने बदललीय. एक बदलून दुसरी तशीच ठेवणं ही सगळ्यात घातक चूक, आणि वापरलेला गुणक टीपेत लिहिला की दुसऱ्या कोणालाही ते तपासता येतं.

ओळीतच रूपांतर का नको ते एका उदाहरणाने सांगते. क्रिएटिनिन १०६ मायक्रोमोल, वरची मर्यादा १०४, लॅबने जास्तची खूण केलीय. मिलिग्रॅममध्ये बदला, १०६ भागिले ८८.४ म्हणजे १.१९९, एका दशांश स्थळापर्यंत लिहायची पद्धत म्हणून १.२. मर्यादा १०४ भागिले ८८.४ म्हणजे १.१७६, ती पण १.२. आता आकडा १.२, मर्यादा १.२, आणि शेजारी "जास्त" अशी खूण. वाचणाऱ्याला वाटणार खूण चुकून राहिलीय, आणि एखादा काळजीपूर्वक काम करणारा माणूस ती काढूनही टाकेल. गणित कुठेही चुकलेलं नाही, नुसत्या राउंडिंगने निष्कर्ष पुसला गेला. म्हणून खूण ही लॅबने मूळ आकड्यांवर केलेली असते, ती आपण आपल्या आकड्यांवरून तपासायची किंवा दुरुस्त करायची नाही. उलट दिशेला म्हणजे १.२ चे १०६.०८ लिहायचे आणि ती अचूकता आहे असं वाटून घ्यायचं तेही नको, मूळ कागदावर दोनच अंक होते तर रूपांतरात त्याहून जास्त नेमकेपणा आणायला आपल्याकडे माहितीच नाही, साधारण १०६ लिहिलं की पुरे.

आकडे नेताना दिसायला बारीक पण परिणामाने मोठ्या गोष्टी आहेत. जर्मनी, फ्रान्स अशा देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणजे १,२ म्हणजे एक पूर्णांक दोन, आणि जर्मनीत टिंब हजारासाठी वापरतात. पटकन कॉपी करताना स्वल्पविराम गळून पडला तर १.२ चे १२ होतात, आणि क्रिएटिनिन १२ म्हणजे डायलिसिसच्या पेशंटचा आकडा. फ्रान्समध्ये साखर ग्रॅम प्रति लिटरमध्येही लिहितात, ०.९५ ग्रॅम म्हणजे आपले ९५ मिलिग्रॅम, तो आकडा बघून कोणी घाबरायला नको आणि कोणी "सुधारायला" पण नको. मायक्रोचं ग्रीक अक्षर µ कधी फॉन्टमध्ये हरवतं किंवा मिली म्हणून टाइप होतं, तो फरक हजारपटीचा आहे. आकड्याच्या आधीचं "पेक्षा कमी" चिन्ह पण असंच, <5 आणि 5 वेगळे आहेत, पहिल्याचा अर्थ मशीनला त्याच्या खालचं मोजता येत नाही एवढाच. आणि प्लेटलेट्स, आपल्याकडे अडीच लाख लिहितात, बाहेर तेच २५० गुणिले दहाचा नववा घात प्रति लिटर असं असतं, तिथेही मूळ तसंच ठेवून टीपेत लाखात सांगायचं.

अंकांबद्दल पण बोलायला हवं. हा लेख मराठी अंकांत आहे पण रिपोर्टच्या भाषांतरात आकडे इंग्रजी अंकांतच ठेवावेत असं मी सांगेन, कारण तो कागद पुढे कोणाच्या हातात जाईल माहीत नसतं आणि देवनागरी न वाचणाऱ्याला आपला ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि १ हा 9 सारखा. शिवाय मूळ रिपोर्टशी आकडा-आकडा ताडून बघायला पण सोपं जातं.

बीयूएनसारखेच "युनिट एक, मोजलेली गोष्ट दोन" असलेले अजून पाहुणे आहेत. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा डी-डायमर, रक्ताची गुठळी झालीय का ते बघताना करतात. तो दोन हिशोबात सांगतात, एफईयू म्हणजे फायब्रिनोजेनच्या वजनाच्या हिशोबाने आणि डीडीयू म्हणजे नुसत्या डी-डायमरच्या वजनाच्या हिशोबाने, आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. नेहमी वापरली जाणारी ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची मर्यादा ही एफईयूमधली आहे, डीडीयूमध्ये तिची साधारण २५० होते. रिपोर्टवर युनिटच्या शेपटीला ही तीन अक्षरं लटकलेली असतात, भाषांतरात ती समजली नाहीत म्हणून गाळली की ४०० हा आकडा नॉर्मल आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. न समजलेलं अक्षर गाळायचं नाही, तसंच ठेवायचं, ते वाचणाऱ्याला समजेल.

काही ठिकाणी तर साधा गुणाकार चालतच नाही. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी टेस्ट, आपल्याकडे टक्क्यात असते, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति मोलमध्ये, आणि ६.५ टक्के म्हणजे ४८, ७ टक्के म्हणजे ५३. ६.५ ला ज्याने गुणलं की ४८ येतात त्यानेच ७ ला गुणून बघा, ५२ च्या जरा खाली येतं, ५३ नाही, कारण दोन्ही मोजपट्ट्यांचं शून्य एका जागी नाही, त्यामुळे त्यासाठी गुणाकार आणि बेरीज असं पूर्ण सूत्र लागतं:

```
mmol/mol = (% - 2.15) x 10.929
```

लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, त्याच्यासाठी तर पक्कं सूत्रच नाही, कारण माणसामाणसात त्या कणाचा आकार वेगळा असतो, त्यामुळे वजनावरून नग काढता येत नाहीत. तिथे टीपेत रूपांतर न दिलेलंच बरं, फक्त या दोन युनिटमध्ये थेट बदल होत नाही एवढं लिहा.

सगळ्यात जास्त मोह होतो तो जुने आणि नवे रिपोर्ट शेजारी मांडताना. समजा पेशंट आधी कॅनडात होता, क्रिएटिनिन ७४ मायक्रोमोल, आता भारतात टेस्ट केली, ०.९ मिलिग्रॅम. घरच्यांना एक टेबल हवंय ज्यात सगळं एका युनिटमध्ये असेल. ०.९ गुणिले ८८.४ म्हणजे ८०, मग टेबलमध्ये ७४ आणि खाली ८०, वाढलंय असं दिसतं. पण ०.९ असं छापलंय म्हणजे मशीनवर खरा आकडा ०.८५ पासून ०.९५ पर्यंत कुठेही असेल, म्हणजे मायक्रोमोलमध्ये ७५ ते ८४. तो ७५ असेल तर काहीच वाढलेलं नाही. त्यात लॅब वेगळी, कदाचित पद्धत वेगळी, आणि एकाच माणसाचं क्रिएटिनिन रोज थोडं हलतंच. म्हणून असं टेबल द्यायचंच असेल तर प्रत्येक ओळीत मूळ आकडा, मूळ युनिट, त्या लॅबची स्वतःची रेंज आणि तारीख असे कॉलम आधी ठेवा, रूपांतर केलेला आकडा शेवटच्या कॉलममध्ये "साधारण" या शब्दासकट लिहा, आणि दोन वेगळ्या लॅबच्या आकड्यांना जोडणारी रेघ किंवा वाढ दाखवणारा बाण आपल्या मनाने काढू नका, मूळ रिपोर्टच्या कॉप्या मात्र भाषांतराला जोडूनच पाठवा.